फोटो अपलोड होत नाही: दोष रेंजचा की फाइलचा, हे ओळखायची तयारी

जिथे बसून फॉर्म भरायचा आहे तिथे रेंज जेमतेम आहे आणि फोटो जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, अशा वेळेसाठी निघण्याआधी काय करून ठेवायचं, त्याची ही यादी. चार्जिंग, पासवर्ड, ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम हे तुम्ही बघालच. त्यावर शब्द घालवत नाही.

सगळ्यात आधी, आणि गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं: फोनमध्ये एक तपासलेला फोटो ठेवा. तपासलेला म्हणजे शंभर केबीच्या आतला, साधा जेपीजी, फॉर्मच्या अटीत बसणारा, आणि त्याच साइटवर चांगल्या वायफायवरून एकदा खरोखर अपलोड झालेला. नाव `test.jpg` ठेवा, म्हणजे घाईत सापडेल. तो क्लाउडवर नको, फोनच्या मेमरीत हवा. हा एक फोटो हाताशी नसेल तर पुढे जे काही कराल ते अंदाजपंचे आहे. कारण अपलोड फसलं की एकाच वेळी दोन संशयित असतात, रेंज आणि फाइल, आणि यातल्या एकाला तरी निर्दोष ठरवल्याशिवाय दुसऱ्याला पकडता येत नाही. तपासलेला फोटो म्हणजे फाइल निर्दोष. तो अडकला तर दोष वाटेतला. तो गेला आणि तुमचा खरा फोटो गेला नाही, तर मग पुढची चौकशी. एवढ्यासाठीच तो हवा.

आता रेंजबद्दल. 'पेज तर पटकन उघडलं, मग फोटो का जात नाही?' हा प्रश्न हमखास पडतो. पेज उघडताना माहिती टॉवरकडून फोनकडे येते. फोटो जाताना ती फोनकडून टॉवरकडे जाते. टॉवरची ताकद मोठी, तर फोन साधारण 0.2 वॅटपेक्षा जास्त जोर लावू शकत नाही. त्यामुळे रेंजच्या कडेला टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतं, पण फोनचं टॉवरपर्यंत पोचत नाही. वर दिसणाऱ्या कांड्या फोनला किती ऐकू येतं तेच सांगतात. दोन कांड्या आहेत म्हणून फोटो जाईल, असं समजू नका. स्पीड टेस्ट केलीत तर डाउनलोडचा मोठा आकडा सोडा आणि अपलोडचा आकडा बघा.

तो आकडा घेऊन एक हिशोब करा. 4 एमबीचा फोटो म्हणजे 32 मेगाबिट. अपलोड सेकंदाला 0.2 मेगाबिट मिळत असेल तर 160 सेकंद लागणार, म्हणजे पावणेतीन मिनिटांच्या आसपास, तेही मध्ये एकदाही तुटलं नाही तर. एवढा वेळ सगळे सर्व्हर थांबत नाहीत, आणि साध्या वेबफॉर्मला अर्ध्यावरून पुढे चालू ठेवणं जमत नाही. 90 टक्क्यांवर तुटलं तरी पुन्हा शून्यापासून. तोच फोटो लांब बाजूला 1600 पिक्सेल करून 400 केबीवर आणलात तर 16 सेकंदांत जातो. म्हणून निघण्याआधीच प्रत्येक फोटोची एक छोटी प्रत करून ठेवा. मूळ फोटो पुसू नका, प्रत वेगळी. कागदपत्राचा फोटो असेल तर प्रत मोठी करून बारीक अक्षरं वाचता येतात का तेवढं बघा.

एअरप्लेन मोड. चालू राहिला असेल तर बंद करा, हे सांगायला नको. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, एअरप्लेन मोड चालू असतानाही वायफाय वेगळं चालू करता येतं, त्यामुळे विमानाचं चिन्ह दिसलं म्हणजे नेट नाहीच असं नव्हे. दोन, एअरप्लेन मोडमधलं अपयश आणि कमी रेंजमधलं अपयश वेगळं दिसतं. वाट पूर्ण बंद असेल तर अपलोड लगेच, सेकंदभरात नकार देतं. क्रोममध्ये `ERR_INTERNET_DISCONNECTED` असं काहीतरी येतं. कमी रेंजमध्ये मात्र पट्टी 30-40 टक्क्यांवर जाऊन तिथेच बसून राहते आणि बऱ्याच वेळाने सोडून देते. लगेच फसलं की रेंगाळून फसलं, हे घड्याळात बघा. एररमधल्या वाक्यापेक्षा हा वेळ जास्त खरं बोलतो, कारण 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य सगळ्याच दोषांना सारखं चिकटवलेलं असतं.

या मोडचा उलटा उपयोगही होतो. फॉर्मचं पेज उघडा, बाकी काही भरू नका, एअरप्लेन मोड चालू करून वायफायही बंद करा आणि फक्त फोटो निवडा. 'ही फाइल चालत नाही' असा संदेश निवडल्याबरोबर आला, तर ती तपासणी पेजनेच तुमच्या फोनमध्ये केली. एकही बाइट बाहेर गेलेला नाही, म्हणजे रेंजचा काही संबंध नाही, फाइल बदला. संदेश आला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. काही साइट्स फाइल सर्व्हरवर पोचल्यावरच तपासतात.

फाइलच्या दोषात नेहमीचा गुन्हेगार एचईआयसी. आयफोन 2017 पासून, म्हणजे आयओएस 11 पासून, आयफोन 7 आणि पुढच्या मॉडेलांवर फोटो या प्रकारात साठवतो. काही अँड्रॉइड फोनांतही ही सोय असते. पुष्कळ फॉर्मना मात्र जेपीजी किंवा पीएनजीच हवा असतो. आयफोनवर Settings मध्ये Camera, मग Formats, तिथे `Most Compatible` निवडा. हे फोटो काढायच्या आधी करायचं, कारण जुने फोटो याने बदलत नाहीत. तेच चित्र फोटो गॅलरीतून निवडलं तर पुष्कळदा आपोआप जेपीजी होऊन जातं आणि फाइल्समधून निवडलं तर एचईआयसीच जातं. 'काल गेला, आज जात नाही' याचं कारण अनेकदा एवढंच असतं, आणि शिव्या बिचाऱ्या रेंजला बसतात.

नाव बदलून `.heic` चं `.jpg` करू नका. शेपूट बदललं तरी आतली फाइल तीच राहते. कॉम्प्युटर जवळ असेल तर खरा प्रकार असा दिसतो (लिनक्स आणि मॅकवर):

```
file photo.jpg
```

उत्तरात `JPEG image data` आलं तर ठीक. `ISO Media` आलं तर नाव जेपीजीचं आणि पोटात एचईआयसी. एखाद्या फोटो एडिटरमध्ये उघडून जेपीजी म्हणून सेव्ह करा, बाकी उपाय नाही.

एक सोंग मात्र ओळखून ठेवा, कारण ते फाइलच्या दोषासारखं दिसतं आणि असतं नेटवर्कचं. फोनमधली जागा वाचवायला मूळ फोटो क्लाउडवर गेलेला असतो (आयफोनवर `Optimize iPhone Storage` चालू असेल तर असंच होतं) आणि गॅलरीत उरते फक्त छोटी झलक. फोटो निवडला की फोन आधी मूळ फाइल खाली उतरवायला जातो. रेंज नसेल तर गोल गोल फिरत राहतो किंवा 'फोटो लोड करता आला नाही' म्हणतो, आणि आपण समजतो फाइल खराब झाली. उपाय निघण्याआधीचाच: वायफायवर असताना लागणारा प्रत्येक फोटो उघडा, पूर्ण स्पष्ट होऊ द्या, त्याची छोटी प्रत फोनमध्ये सेव्ह करा. मग एअरप्लेन मोड चालू करून, वायफाय बंद ठेवून त्या प्रती उघडून बघा. तिथे उघडल्या म्हणजे खरोखर फोनमध्ये आहेत.

आता दोन्ही दोष एकत्र आले तर काय होतं ते बघा. 5 एमबीचा फोटो, नाव बदलून `.jpg` केलेला, आत एचईआयसी. जागा तळघरातली. पट्टी 40 टक्क्यांवर अडकते, दोन मिनिटांनी अपयश. निष्कर्ष: रेंज नाही. माणूस वर येतो, वायफाय मिळतं, पट्टी 100 टक्क्यांपर्यंत जाते आणि पुन्हा अपयश. आता तो वायफायलाच दोष देतो, राउटर बंद-चालू करतो, आणखी अर्धा तास घालवतो. वास्तविक तळघरात फाइल सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे तिचा दोष तिथे कळणं शक्य नव्हतं. वर आल्यावर ती पोचली आणि नाकारली गेली. पट्टी पूर्ण भरून मग नकार येणं ही सहसा फाइलच्या दोषाची खूण आहे. सहसा म्हणतोय, कारण फाइल अगदी लहान असेल तर पट्टी रेंज नसतानाही झटकन भरलेली दिसते. म्हणून पुन्हा तेच: तपासलेला फोटो. वर आल्याबरोबर `test.jpg` टाकला असता तर दहा सेकंदांत कळलं असतं की वाट मोकळी आहे, राउटरला हात लावायची गरज नाही.

तपासण्याचा क्रम असा. तपासलेला फोटो त्याच जागेवरून टाका. अडकला तर जागा बदला, फाइलला हात लावू नका. गेला, तर खऱ्या फोटोची छोटी जेपीजी प्रत टाका. तीही गेली तर मूळ फोटोचं वजन किंवा प्रकार नडत होता, आणि कोणता ते शोधायची गरजही नाही, काम झालं. छोटी प्रत नाकारली गेली तर फॉर्मची अट वाचा: पिक्सेल किती, कमाल केबी किती, नावात चालणारी अक्षरं कोणती. एका वेळी एकच गोष्ट बदला. जागा आणि फाइल दोन्ही एकदम बदललेत आणि फोटो गेला, तर कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही आणि पुढचा फोटो पुन्हा अडकेल.

एररमध्ये आकडा दिसला तर लिहून घ्या. 413 म्हणजे फाइल फार मोठी, 415 म्हणजे प्रकार चालत नाही, 408 किंवा 504 म्हणजे वेळ संपली.

अपलोड चालू असताना स्क्रीन बंद होऊ देऊ नका, दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ नका, आणि वायफायच्या कडेला उभं राहू नका, मध्येच मोबाइल डेटावर उडी पडली की जोडणी तुटते. लॉगिन मागणारं सार्वजनिक वायफाय असेल तर आधी ब्राउझरमध्ये ते लॉगिन उरका. डेटा सेव्हर बंद.

आणि शेवटचं बटण दाबण्याआधी फॉर्ममधून `test.jpg` काढा. खरा फोटो लागलाय का, उघडून बघा. मग दाबा.