हातउसने पैसे परत मागताना या चुका टाळा

मित्राला दिलेले हातउसने पैसे वर्ष-दीड वर्ष अडकले की पहिली चूक होते ती टोमण्याची. टपरीवर चार जण चहा पीत असताना "नवी गाडी घेतलास, मजा आहे की रे तुझी" असं बोलायचं आणि तो काय ते ओळखेल अशी आशा धरायची. तो ओळखतो. पण त्याच्या मनात राहते ती चारचौघांत झालेली शोभा, आणि त्या दिवसापासून तो तुमचा फोन उचलायचा टाळतो. त्याच्या बायकोला किंवा थोरल्या भावाला सांगणं त्याहून वाईट. पैसे कदाचित येतील, पण त्या घरचा उंबरा तुम्हाला पुन्हा ओलांडवणार नाही.

दुसरी चूक वेळेची. चिकोडी, निपाणी, हुक्केरी भागात बऱ्याच घरांचा मोठा पैसा उसाच्या बिलातून येतो, म्हणून लोक बिल जमा झाल्याचं कानावर आलं की मागायला जातात. तोवर उशीर झालेला असतो. बिलातून आधी सोसायटीच्या पीककर्जाची वजावट होते आणि उरलेल्याला घरात वाटा फुटलेल्या असतात. बोलायचं ते कारखाना सुरू होण्याच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नियमाने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळायला हवं, पण ते लांबतं. त्यामुळे "बिल कधी येणार?" यापेक्षा "वजावट होऊन हातात किती पडेल?" हा प्रश्न कामाचा. मित्र बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात कामाला असेल तर पगाराच्या आधीचे चार दिवस सोडा आणि पगार झाल्यावर दोन-तीन दिवसांत बोला.

जाण्याआधी हिशेब काढा. समजा, एप्रिल २०२४ मध्ये तुम्ही फोनपेवरून ३०,००० आणि रोख १५,००० असे ४५,००० दिले. मधल्या काळात ५,००० परत आले, ४०,००० राहिले. फोनपेची नोंद तारखेसह शोधून ठेवा, पण ती त्याच्यासमोर लगेच काढू नका. रोख रकमेचीच आठवण सहसा दोघांची वेगळी निघते, म्हणून ती कुठे आणि कशासाठी दिली हे आठवून जा.

मग दोघंच असाल अशा ठिकाणी, शेताच्या बांधावर किंवा गाडीवरून जाताना, सरळ बोला: "पैशाचं बोलायचं होतं रे. पंचेचाळीसातले पाच आले, चाळीस राहिलेत. जूनला पोराची फी भरायची आहे. तुला कसं जमेल ते आता ठरवूया की." यात आकडा आहे, तुमची खरी गरज आहे आणि त्याला बोलायला जागाही आहे. "कधी देतोस?" असं विचारलंत तर "बघतो की, देतो" एवढंच उत्तर येतं, आणि ते घेऊन घरी परतणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

वरच्या उदाहरणात बिल आल्यावर २०,००० आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दरमहा ४,००० असे पाच हप्ते धरले तर ४०,००० फिटतात. हप्त्याची तारीख त्याला ठरवू द्या. घरात दुभती जनावरं असतील तर डेअरीचं बिल मिळाल्यावरचा दिवस बरा. बचत गटाचा आठवड्याचा हप्ता चालू असेल तर ४,००० त्याला जड जातील. मग २,००० घ्या आणि मुदत वाढवा. न झेपणारा हप्ता त्यानं भिडेपोटी कबूल केला तर तो दुसऱ्याच महिन्यात चुकतो आणि मग तोंड चुकवणं सुरू होतं.

ठरलेलं त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत पाठवा. रक्कम मोठी असेल तर साध्या कागदावर मराठीत लिहून दोघांनी सह्या करा आणि एकेक प्रत ठेवा. कागद मागताना "तुझ्यावर विश्वास नाही" असा सूर येऊ देऊ नका. "आपण दोघं विसरू नये म्हणून" एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. कागदाला आणखी एक कारण आहे. परतीची तारीख ठरलेली नसेल तर कायद्याने पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो, म्हणजे इथे एप्रिल २०२७ पर्यंत. त्याआधी मित्रानं बाकी रक्कम लिहून सही केली तर सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. ही सवड हाताशी असली की मुदत संपेल या भीतीनं वकिलाची नोटीस धाडायची घाई होत नाही.

हप्ता चुकला तर तीन-चार दिवस थांबून फोन करा, मेसेज नको. त्या हप्त्यापुरतंच बोला. पूर्ण चाळीस हजारांचा विषय पुन्हा उकरू नका. "या महिन्यात निम्मे जमतील का?" असं विचारलं तर बहुधा काहीतरी येतं. शेवटचा हप्ता मिळाला की दोन्ही प्रतींवर "पूर्ण मिळाले" लिहा, तारीख घाला आणि सही करून त्याची प्रत त्याच्या हातात द्या.