मिडटर्मला ४१ मिळाले म्हणून विषय सोडू नका

अमेरिकेत एमएसला येणाऱ्या आपल्या मुलांना सिमकार्ड, बँक, खोली यांबद्दल कोणी ना कोणी सांगतंच. मी फक्त ग्रेडबद्दल लिहितोय, कारण त्यापायी मी एका विषयाची पूर्ण फी घालवली.

पहिल्याच सेमिस्टरला मिडटर्ममध्ये १०० पैकी ४१ आले. चाळिसाला पास, म्हणजे आपण जेमतेम काठावर, हा माझा पुण्याचा हिशेब. जीपीए ३.० च्या खाली जाईल या धास्तीने विषय सोडला. फी परत मिळायची मुदत केव्हाच उलटली होती. नंतर कळलं की वर्गाची सरासरी ३४ होती आणि मी वरच्या पाव वर्गात होतो. चार विषय घेतले होते म्हणून निभावलं. तीनच असते तर नऊ क्रेडिट्सच्या खाली जाऊन व्हिसाचंही संकट आलं असतं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कधीही विषय सोडू नका.

‘कर्व्ह आहे’, म्हणजे वर्गाची कामगिरी पाहून ग्रेड ठरतात, एवढंच ऐकून थांबू नका, कारण कर्व्ह एका प्रकारचा नसतो. पेपर अवघड गेला म्हणून काही प्रोफेसर सगळ्यांना सारखेच गुण वाढवून देतात. त्यात कोणाचंच नुकसान नाही. काही जण सरासरीला बी ग्रेड धरतात आणि तिच्यापासून तुम्ही किती स्टँडर्ड डेव्हिएशन वर किंवा खाली आहात, त्यावरून अक्षर ठरवतात. तिसरा प्रकार कोट्याचा: वरच्या पंचवीस टक्क्यांना ए, बाकीच्यांना खालची अक्षरं.

हा तिसरा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. समजा वर्गात ४० जण आहेत आणि तुम्ही नववे आहात. ए दहा जणांना, म्हणजे तुम्हाला ए. मिडटर्मनंतर शेवटचे सहा जण विषय सोडून गेले. आता ३४ जणांत आठच ए. तुमचे गुण तेच, अभ्यास तोच, पण ए गेला. बारा जणांच्या निवडक वर्गात तर गुणांच्या आलेखाला घंटेचा आकार येतच नाही. तिथे एका गुणाच्या फरकाला अक्षराचा फरक चिकटतो. प्रिन्स्टनने २००४ मध्ये पदवीच्या वर्गांसाठी ए-श्रेणीला ३५ टक्क्यांचं लक्ष्य घातलं होतं, ते २०१४ मध्ये काढून टाकलं.

कोट्याच्या वर्गात माणसंही बदलतात. आपलीच मुलं एकमेकांपासून नोट्स लपवताना मी पाहिली आहेत, त्याचं फार वाईट वाटतं. इथली मुलं मात्र ऑफिस अवरला जाऊन प्रोफेसरला सरळ विचारतात. आपण तिथे संकोचतो.

तुम्हीही पहिल्याच आठवड्यात विचारा: अक्षरं ठरलेल्या गुणांवर की क्रमांकावर? विषय सोडणारे हिशेबात धरता का? मिडटर्मनंतर सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन सांगाल का? वर्ग छोटा असेल आणि उत्तर ‘क्रमांकावर’ आलं, तर फी परत मिळते तोवरच दुसरा विषय घ्या.