आई-बाबा दोघंच विमानानं निघाले की

आई-बाबांना कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून हैदराबादमार्गे दिल्लीला पाठवायचंय? दोन सुटी तिकिटं स्वस्त दिसली तरी घेऊ नका, एकाच पीएनआरवर काढा. पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय कंपनीच्या गळ्यात. मध्ये अडीच-तीन तास ठेवा. बॅगेच्या टॅगवर DEL आहे ना, हे बाबांना काउंटरवरच बघायला सांगा.

व्हीलचेअर ४८ तास आधी नोंदवा, दोघांना हवी तर दोघांच्या नावावर. गुडघे धरत असतील तर व्हीलचेअरचा WCHR हा कोड नको, WCHS सांगा; पहिल्यात शिडी स्वतः चढावी लागते.

विमान छोटं, पंख्याचं एटीआर असेल तर त्याचं प्रवासी दार मागे असतं, म्हणून सीट मागचीच घ्या, वाटेकडेची. इमर्जन्सी दाराची रांग मात्र टाळा, तिथून उठवतात.