निरोपाच्या भाषणाची अनुप्रासातली सुरुवात: या चुका टाळा

निरोप समारंभाचं भाषण एकाच अक्षराने सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण ‘स’ घेतात आणि ते बरोबरच आहे, कारण सर, सोबती, सहवास, सवय, सुटणं हे सगळे निरोपाचेच शब्द. पण मग असं काहीतरी लिहून होतं:

“सन्माननीय सभाध्यक्ष, सुविद्य सद्गुरू, सुहृद सवंगडी, या सुवर्णसुगंधित सोहळ्यात सर्वांचं सस्नेह स्वागत!”

वाचायला भारी, पण यात निरोप कुठंय? हे तर स्वागत झालं. सगळ्यात मोठी चूक हीच, अक्षर जुळवायच्या नादात विशेषणं भरत जायची आणि सांगायचं ते राहूनच जातं. आधी साध्या भाषेत एक ओळ लिहा, म्हणजे ‘आपण रोज एकत्र होतो, आता नसणार’ एवढंच, आणि मग त्यातले शब्द बदला. विशेषणं कमी ठेवून क्रियापदं जुळवली की वाक्य जिवंत वाटतं:

“सर, सोबत्यांनो, सकाळच्या पहिल्या घंटेपासून सुटीच्या घंटेपर्यंत सगळं आपण सोबत केलं. सरांनी सांभाळलं, सवंगड्यांनी सावरलं. आज साथ सुटतेय, सवय मात्र इतक्यात सुटायची नाही.”

इथे 23 पैकी 14 शब्द ‘स’चे आहेत. आज, आपण, मात्र, नाही हे तसेच राहू दिलेत, ते काढायला गेलात तर वाक्य मोडतं.

दुसरी चूक कागदावर दिसतच नाही. अनुप्रास कानासाठी असतो, त्यामुळे अक्षर एक असून चालत नाही, उच्चारही एक लागतो. ‘च’ घेतलात तर चांगला, चुका, चटका यांचा च वेगळा आणि चेहरा, चिमणी यांचा वेगळा, ‘ज’चंही तसंच, जवळ आणि जीवन कानाला जुळत नाहीत. ‘स’ आणि ‘श’ची सरमिसळ तर जिभेलाच अडकवते, “शेवटच्या सत्रातली शिस्त सोसताना” हे जरा भरभर म्हणून बघा, तिसऱ्या शब्दाला घोळ होतोच. म्हणून ओळ लिहिली की उभं राहून मोठ्याने म्हणायची, आणि प्रत्येक वेळी एकाच जागी अडखळलात तर सरावाने सुटेल म्हणून थांबू नका, तो शब्दच बदला.

माइकवर ‘स’ सुस्कारतो, आणि प, फ, भ घेतले तर फट्फट् आवाज येतो. माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, वीतभर लांब ठेवला की बराच फरक पडतो.

आणि किती वेळ ओढायचं? तीन-चार वाक्यं, बस. समोरचे अक्षरं मोजायला लागले, हसून एकमेकांकडे बघायला लागले की समजायचं लांबलं. शिक्षकांची नावं आणि त्यांच्या आठवणी सुरू झाल्या की मात्र अनुप्रास सोडून द्या, कडक शिस्तीच्या बाईंना फक्त स जुळतो म्हणून ‘सोज्वळ’ म्हटलं तर ते त्यांनाही खरं वाटणार नाही.