वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं परमिट: घ्यायचं कसं, बंद कधी करायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या शॉपमध्ये तीन नंबर प्रेसचा तुटलेला ब्रॅकेट जागेवरच वेल्ड करायचाय असं धरू. मागे पत्र्याची भिंत, भिंतीपलीकडे पॅकिंगचे पुठ्ठे. वेल्डिंगच्या ठरलेल्या जागेबाहेर असं काम निघालं, की आधी परमिट.

परमिट मागतो मेंटेनन्सचा सुपरवायझर, देतो त्या शॉपचा इनचार्ज. दोन्ही सह्या एकाच्या नकोत. ज्याला काम उरकायची घाई, तोच परवानगी द्यायला बसला तर तपासणी होणार कशी? अर्जात काम, वेळ, वेल्डरचं नाव आणि नेमकी जागा लिहा. नुसतं ‘प्रेस शॉप’ नको, ‘तीन नंबर प्रेस, मागची बाजू’ असं हवं. परमिट त्या शिफ्टपुरतंच.

सहीआधी इनचार्जने जागेवर जायचं. केबिनमधल्या सहीला काही अर्थ नाही. साधारण 11 मीटरच्या आतलं जळण्याजोगं सामान हलवायचं, हलत नसेल ते फायर ब्लँकेटने झाकायचं. पत्रा तापला की पलीकडचं पेटतं, म्हणून पुठ्ठेही हलवायचे, दुसऱ्या शॉपचे असले तरी. मग टॉर्च मारून प्रेसखाली बघा. तेलात भिजलेला भुसा आणि कॉटन वेस्ट तिथेच साचतं. ठिणगी त्यात पडली तर ज्वाळा लगेच दिसत नाही, आत धुमसत राहते. हे सगळं काढा, प्रेसचा मेन स्विच बंद करून कुलूप लावा, हायड्रॉलिक लाइनचं प्रेशर सोडा. तेलाची टाकी किंवा रिकामं बॅरल वेल्ड करायचं असेल तर हे परमिट चालणार नाही. आत वाफ उरते आणि स्फोट होतो. त्याला सफाई आणि गॅसची तपासणी वेगळी लागते.

आपल्याकडे वेल्डर खानापूरचा, हेल्पर बैलहोंगलचा आणि फॉर्म इंग्रजीत, हे नेहमीचंच. अटी मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवा, मगच सह्या घ्या. एक प्रत कामाजवळ लावा, एक इनचार्जकडे ठेवा.

काम चालू असताना अग्निशामक घेऊन नजर ठेवणारा एक माणूस हवा, भिंतीपलीकडे दुसरा. त्यांना मध्येच चहा आणायला पाठवू नका. लाइट जाऊन काम बराच वेळ थांबलं, तर जागा पुन्हा तपासूनच सुरू करा.

वेल्डिंग संपलं म्हणजे परमिट संपलं नाही. मशीन बंद करा, गरम तुकडे पत्र्याच्या डब्यात टाका आणि पुढे किमान एक तास पहारा ठेवा. धुराचा वास येतो का, पत्रा पलीकडून गरम लागतो का, प्रेसखाली काही धुमसतंय का, हे बघत राहायचं. तासानंतर पहारेकरी सही करतो, वेल्डरही करतो. इनचार्ज स्वतः दोन्ही बाजू पाहून दोन्ही प्रतींवर वेळ टाकून परमिट बंद करतो. प्रेसचं कुलूप त्यानंतरच काढायचं. पाचला शिफ्ट सुटत असेल तर साडेतीनलाच वेल्डिंग थांबवा, किंवा पहाऱ्याला थांबणाऱ्याचं नाव सकाळीच परमिटवर लिहून ठेवा.