रोजच्या ओटी रिपोर्टमध्ये या चुका टाळा

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छेतल्या फौंड्रीत सकाळी प्लांट मॅनेजरकडे जाणारा ओव्हरटाइमचा रिपोर्ट बहुतेक वेळा चुकतो तो रात्री बाराच्या काट्यावर.

समजा, मंगळवारी दुपारी ३ ते रात्री ११ च्या पाळीतले मोल्डिंगचे १२ कामगार पहाटे ३ पर्यंत थांबले. ओटी झाली ४८ तास. पण हजेरीचं सॉफ्टवेअर तारीख बदलताच हिशेब तोडत असेल, तर मंगळवारी १२ तास दिसतात आणि बुधवारी ३६. मग जाब विचारला जातो बुधवारच्या सुपरवायझरला! कायद्यानेही मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे असतात. तेव्हा पाळी ज्या तारखेला सुरू झाली, त्याच तारखेला सगळे तास टाका. एक्सेलमध्ये B2 ला आत येण्याची आणि C2 ला जाण्याची वेळ असेल, तर ८ तासांच्या पाळीसाठी हे सूत्र पुरतं:

```
=MAX(0,MOD(C2-B2,1)*24-8)
```

फक्त C2 मध्ये पंचिंगची वेळ जशीच्या तशी उचलू नका. काम ३ ला संपलं तरी खानापूरकडचा माणूस पहिल्या बसपर्यंत गेटच्या आतच थांबतो आणि निघताना पंच करतो. ते बसून राहिलेले तास ओटीत शिरतात. पंचिंग आणि मंजूर ओटी स्लिप शेजारी ठेवा, अर्ध्या तासाहून जास्त फरक दिसला की सुपरवायझरला विचारा. स्लिपपेक्षा जास्त वेळ खरंच काम झालं असेल तर स्लिप दुरुस्त करायची, तास कापायचे नाहीत.

आता पैसे. साधा दर तासाला १०० रुपये असेल तर ओटीचा दर दुप्पट, म्हणजे ४८ तासांचे ९,६०० रुपये. काही जण पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा धरून काढलेला दर दुप्पट करतात. तो आकडा फुगतो, कारण हे खर्च ओटीबरोबर तसे वाढत नाहीत.

सगळ्यात फसवी तुलना बजेटशी होते. विभागात ४० माणसं, रोजची मजुरी ३२,००० आणि बजेट १० टनांवर बांधलेलं, म्हणजे टनाला ३,२००. ओटी धरून मंगळवारचा खर्च ४१,६००. नुसती रक्कम पाहिली तर ३० टक्के जादा. पण त्या दिवशी १३ टन माल निघाला असेल तर टनाला बरोबर ३,२०० च पडतात. १० टनच निघाला असेल तर ४,१६०, आणि मग कारण हवंच: वीज गेली, भट्टी बंद पडली की माणसं कमी होती? म्हणून रकमेशेजारी टनाचा रकाना ठेवा.

गावच्या जत्रेत माणसं कमी पडतात तेव्हा आणखी एक गोष्ट पाहायची. तिघे बिनपगारी गैरहजर असतील तर २४ तासांचे २,४०० रुपये वाचतात, पण तेच तास ओटीने भरले तर ४,८०० जातात. जादा खर्च २,४०० चाच आहे. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे दाखवा.