आधी स्वतःविषयी सांगावे
आपल्याच लिंगाची एखादी व्यक्ती आवडली, पण तिलाही स्वतःच्या लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटू शकते की नाही हे ठाऊक नसेल, तर तिला थेट विचारण्याऐवजी ओघात स्वतःची माहिती द्यावी. उदाहरणार्थ, एक स्त्री दुसरीशी बोलताना ‘माझी आधीची जोडीदार फार वाचायची’ एवढेच म्हणू शकते. उत्तरात नुसता मोकळेपणा दिसला, तर तो स्वीकार समजावा, आकर्षण नव्हे. तिनेही आपणहून तशाच नात्याचा उल्लेख केला आणि पुढे भेटीसाठी वेळ काढला, तर दोघीच असताना ‘मला तू आवडतेस, तुला तसे वाटत नसेल तरी हरकत नाही’ असे स्पष्ट सांगावे. तिने विषय बदलल्यास तो पुन्हा काढू नये. मैत्रिणींकडे चौकशी मात्र कधीही करू नये, कारण तिने न सांगितलेली गोष्ट त्यातून इतरांपर्यंत पोहोचू शकते.